खिडकीचा पल्ला उघडा टिकत नाही, मिटला तर खडखडतो

पहिल्या मजल्यावरची यूपीव्हीसी खिडकी उघडली की वाऱ्याने कधी आपोआप मिटते, कधी धाडकन पूर्ण उघडते. मिस्त्रीने बिजागरीत तेल सोडलं, तर आणखीच सैल झाली. बिजागरी बदलावी लागेल का? (अमळनेर)

ताई, नवी बिजागरी आणण्याआधी ते तेल काढा. लाकडी खिडकीच्या बिजागरीला तेल लागतं, पण तुमच्या खिडकीला बिजागरी नसून फ्रिक्शन स्टे आहे. पल्ल्याच्या वर एक आणि खाली एक, अशी स्टीलच्या पट्ट्यांची ही जोडी चौकट आणि पल्ला यांच्या मधल्या खाचेत बसवलेली असते. पल्ला उघडला की एक छोटा स्लायडर चौकटीवरच्या ट्रॅकमध्ये सरकतो. तो ट्रॅकला घासतो, त्या घासण्यावरच पल्ला हव्या त्या जागी थांबतो. तिथे तेल गेलं की थांबण्याचं कारणच संपतं. शिवाय आपल्याकडे चैत्र-वैशाखात शेतातली धूळ तेलात बसते आणि काळा चिखल होतो. मग पल्ला कुठे निसटतो, कुठे अडकतो.

पल्ला पूर्ण उघडा आणि दुसऱ्या माणसाला तो आतून धरायला सांगा. जुन्या टूथब्रशने वरचा-खालचा ट्रॅक झाडून घ्या. मग कपड्यावर थोडं स्पिरिट घेऊन ट्रॅक आणि स्लायडरची दिसणारी बाजू पुसा. कपडा पांढरा निघेपर्यंत पुसायचं. तेल फक्त पट्ट्या जिथे रिव्हेटवर फिरतात तिथे, तेही एकेक थेंब, आणि ओघळ लगेच टिपायचा.

ट्रॅक कोरडा झाला की स्लायडरवर एक लहान, बहुधा पितळी स्क्रू दिसेल. तो उजवीकडे फिरवला की पकड वाढते. वरचा पाव फेरा, खालचाही पाव फेरा, मग पल्ला चालवून पाहा. गरज पडली तर पुन्हा पाव-पाव. दोन्हीकडे सारखंच हवं. खालचा हाताशी येतो म्हणून पुष्कळ जण तेवढाच आवळतात. मग खालची बाजू धरून ठेवते, वरची पुढे जाते, पल्ला पिळवटतो आणि महिन्याभरात कोपरा चौकटीला घासू लागतो. एका हाताने बेताचा जोर लावून पल्ला हलला आणि सोडल्यावर जागीच राहिला, की थांबा.

स्क्रू पूर्ण आवळूनही पल्ला निसटत असेल, तर स्लायडर झिजला आहे. स्वस्त मालात हा स्क्रू नसतोच. या दोन्ही वेळी बदलणं आलं, आणि तेही वरची-खालची जोडीनेच. मात्र पहिल्या मजल्यावर हे काम एकट्याने करू नका. ६०० बाय १२०० मिलिमीटरच्या पल्ल्यात ५ मिलिमीटरची एकेरी काच असेल तर नुसती काचच सुमारे ९ किलोची होते, त्यावर प्रोफाइलचं, म्हणजे काचेभोवतीच्या पोकळ यूपीव्हीसी कडांचं, आणि आतल्या स्टीलचं वजन. शेवटचा स्क्रू निघाला की हे सगळं बाहेरच्या बाजूला झुकतं.

आणि पकड कितीही नीट बसवली तरी ती झुळकेसाठी आहे. मे-जूनचं वादळ केळीचे बाग आडवे करतं, त्यात उघडा पल्ला फ्रिक्शन स्टेच्या भरवशावर सोडायचा नाही. एकदा जोरात आपटला की पट्टी वाकते, आणि वाकलेली पट्टी ठोकून सरळ केली तरी पुन्हा नीट बसत नाही.

घर रेल्वे लाइनजवळ आहे. मालगाडी गेली की खिडकी घट्ट लावलेली असूनही खडखडते. रबर बदलू का? (भुसावळ)

दादा, आधी सैलपणा कुठल्या बाजूला आहे ते शोधा. वहीच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी पल्ला आणि चौकट यांच्यात धरून खिडकी लावा आणि पट्टी ओढा. अडून निघाली तर दाब आहे, सुळकन निघाली तर नाही. हँडलच्या बाजूला तीन ठिकाणी आणि फ्रिक्शन स्टेच्या बाजूला तीन ठिकाणी हे करून पाहा.

हँडलच्या बाजूला पट्टी सैल असेल तर काम दहा मिनिटांचं आहे. पल्ला उघडून कडेला पाहा. हँडल फिरवलं की वर-खाली सरकणाऱ्या गोल गुंड्या दिसतील. पुष्कळ लॉकमध्ये या गुंड्यांचा आस मधोमध नसतो, मुद्दाम एका बाजूला ठेवलेला असतो. म्हणून अ‍ॅलन कीने किंवा पान्याने गुंडी फिरवली की ती पल्ल्याला साधारण एक मिलिमीटर आत ओढते. आपल्याला तेवढं पुरतं. सगळ्या गुंड्या सारख्या फिरवा, कागद पुन्हा लावून पाहा. हँडल फिरवायला दोन्ही हात लागू लागले तर जास्त झालं, थोडं मागे घ्या.

फ्रिक्शन स्टेच्या बाजूला सैल असेल तर गुंड्या फिरवून काही होणार नाही, कारण तिथे पल्ला ओढून धरणारा फक्त स्टे आहे. त्याचे स्क्रू तपासा. स्क्रू नुसता फिरत राहिला तर त्याने प्लॅस्टिक सोडलं आहे. प्रोफाइलच्या पोटात स्टीलची पट्टी असते, स्क्रूची पकड तिच्यात हवी. तिथपर्यंत पोचेल असा थोडा लांब स्टेनलेस स्क्रू घाला. डोकं मात्र पहिल्याइतकंच चपटं हवं, नाहीतर पट्ट्या पूर्ण मिटणार नाहीत. स्क्रू पक्के असूनही पट्टी रिव्हेटवर डुगडुगत असेल तर स्टे संपला.

रबराचा नंबर शेवटचा. ते कडक होऊन चिरलं असेल किंवा कोपऱ्यात आखडून फट पडली असेल, तरच बदला.

फ्रिक्शन स्टेची जुनी जोडी काढून जळगावहून १२ इंची नवी आणून बसवली. लांबी तीच आहे, तरी पल्ला आता खाली घासतो आणि वर फट दिसते. (शिरपूर)

भाऊ, लांबी जुळली, जाडी चुकली. स्टे मिटलेला असताना ट्रॅकसकट त्याची जी जाडी होते ती मुख्यतः दोन मापांत मिळते, १३ आणि १७ मिलिमीटर. बाजूने उघडणाऱ्या पल्ल्याचं वजन खालच्या स्टेवर बसतं. जुना १७ चा होता आणि तुम्ही १३ चा घातला, तर पल्ला बरोबर ४ मिलिमीटर खाली उतरणार आणि तेवढीच फट वर पडणार. जुनी जोडी टाकली नसेल तर व्हर्नियरने मोजा, साध्या फूटपट्टीनेही १३ आणि १७ चा फरक कळतो. खाली पॅकिंग घालून पल्ला उचलायच्या फंदात पडू नका. वरचा स्टे तसाच सैल राहील आणि खिडकी खडखडेल. जोडी बदलूनच घ्या. नवीन घेताना नमुना म्हणून जुना सोबत न्या आणि दुकानात दोन्ही मिटवून शेजारी ठेवून पाहा. बसवताना पहिल्या ट्रॅकच्या टोकांना चौकटीवर पेन्सिलची खूण करा, नवा तिथेच बसला पाहिजे.

सकाळी खिडकी सहज लागते, मे महिन्यात दुपारी पश्चिमेची तीच खिडकी अडते. स्टे बिघडला का? (शहादा)

नाही. यूपीव्हीसी उन्हात फुगतं. १२०० मिलिमीटर उंचीचा पल्ला पहाटेपेक्षा ३० अंशांनी तापला तर अडीच मिलिमीटरच्या आसपास वाढतो, आणि पश्चिमेच्या उन्हात प्रोफाइल हवेपेक्षा बरंच जास्त तापतं. संध्याकाळी तो आपोआप सुटत असेल तर कशालाही हात लावू नका. विशेषतः दुपारी अडतो म्हणून गुंड्या सैल करू नका, थंडीत तीच खिडकी खडखडेल. पहाटेसुद्धा घासत असेल, तर मात्र पल्ला उतरला आहे. वरच्या उत्तरात सांगितलं तसं स्टेची जाडी आणि स्क्रू तपासा.