प्रोफाइल डिसेबल झालं, पेज इन्स्टाग्रामपासून तुटलं

प्रश्न: माझं फेसबुक प्रोफाइल डिसेबल झालंय. आमच्या घरगुती मसाल्यांचं पेज त्यावरूनच चालायचं. आता ते इन्स्टाग्रामशी जोडलेलं दिसत नाही, पण इन्स्टा चालू आहे. काय करू?

उत्तर: आधी आठवून बघा, पेजचा ताबा तुमच्याशिवाय आणखी कुणाला दिला होता का? नवरा, भाऊ, पोस्ट टाकून देणारा मुलगा, कुणीही. पेजला स्वतःचा पासवर्ड नसतो, ते कुणाच्या तरी प्रोफाइलमधूनच उघडतं. इन्स्टाचा लॉगिन वेगळा, म्हणून ते वाचलं.

समजा भावाला ताबा आहे. तर त्याने स्वतःच्या प्रोफाइलमधून पेजवर जायचं आणि Settings मधल्या Linked accounts मध्ये इन्स्टा पुन्हा जोडायचं. तिथे इन्स्टाचा पासवर्ड लागेल आणि कोड तुमच्या मोबाइलवर येऊ शकतो, म्हणून दोघं शेजारी बसूनच करा. त्याच्याकडे Full control हवा. नुसतं पोस्ट टाकण्यापुरतं काम दिलं असेल तर जोडणी होणार नाही. इन्स्टा खातंही प्रोफेशनल हवं.

दुसरं कुणीच नसेल तर business.facebook.com आठवा. कधी जाहिराती केल्या असतील तर पेज तिथल्या बिझनेस पोर्टफोलिओत टाकलेलं असू शकतं. त्या पोर्टफोलिओचा पूर्ण ताबा असलेली दुसरी व्यक्ती स्वतःला पेजवर नेमू शकते. हे बरेच जण विसरतात.

तेही नसेल तर अपील हाच रस्ता. लॉगिन करताना पडद्यावर अपिलाचा पर्याय आला तर तो लगेच वापरा. त्यासाठी 180 दिवसांची मुदत असते, नंतर खातं कायमचं जातं. ओळखपत्र मागितलं तर प्रोफाइलवरचं नाव आणि जन्मतारीख जुळणारं द्या. आपल्याकडे घोळ इथेच होतो: प्रोफाइल माहेरच्या नावाने आणि आधार सासरच्या. पॅन किंवा पासपोर्टवर जुनं नाव असेल तर तेच जोडा.

घाईत नवीन प्रोफाइल मात्र काढू नका. एका माणसाला एकच खातं असा फेसबुकचा नियम आहे, त्यामुळे तेही बंद होऊ शकतं. शिवाय नव्या प्रोफाइलला जुन्या पेजचा ताबा आपोआप मिळत नाहीच. "पैसे द्या, खातं परत आणून देतो" म्हणणाऱ्यांना तर इन्स्टाचा कोडही देऊ नका.

तोवर इन्स्टा सांभाळा. तुम्ही फेसबुकवरूनच त्यात शिरत असाल तर त्याचा पासवर्ड कदाचित तुम्हाला माहीतही नसेल. लॉगआउट करण्याआधी खात्यावरचा ईमेल आणि मोबाइल तुमचाच आहे ना ते पाहा, पासवर्ड नवा ठेवा आणि दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा. ऑर्डरी तिथल्या मेसेजवर घेता येतील. पेजवरून एकत्र पोस्ट टाकणं आणि एकाच ठिकाणी मेसेज पाहणं तेवढं थांबेल.

प्रोफाइल परत मिळालं की त्याच दिवशी घरातल्या आणखी एकाला Full control द्या, मग इन्स्टा जोडा.