संवत्सरीचा पहिला उपवास: सूर्यास्त, पाणी आणि ऑफिस

प्रश्न: सासर श्वेतांबर मूर्तिपूजक जैन, लग्नानंतरचं पहिलंच पर्युषण. संवत्सरीचा, म्हणजे पर्युषणाच्या शेवटच्या दिवसाचा, एक उपवास करायचाय. ऑफिस सातला सुटतं, मुंबईत राहतो. साबुदाणा चालतो का? पाणी कधीपर्यंत प्यायचं? आदल्या रात्री नेहमीसारखं जेवले तर?

उत्तर: मीही माहेरची साबुदाणा-खिचडीवाली, त्यामुळे आधी तेवढं मनातून काढा. साबुदाणा, वरी, रताळं, दाणे, दूध, फळं यांतलं काहीही नाही. रताळं-बटाटा तर कंदमूळ, ते एरवीही चालत नाही. उपवासाच्या दिवशी फक्त उकळलेलं पाणी, तेही दिवसा. याला तिविहार उपवास म्हणतात. पाणीही सोडलं तर चौविहार. पहिल्यांदा करताय, तिविहारच घ्या.

पच्चक्खाण, म्हणजे उपवासाचा संकल्प, सूर्योदयापासूनचं असलं तरी आमच्याकडे उपवास आदल्या संध्याकाळीच सुरू झाला असं धरतात. सप्टेंबरच्या सुरुवातीला मुंबईत सूर्य साधारण 6.25 ला उगवतो आणि 6.45 ला मावळतो. म्हणजे आदल्या दिवशी 6.45 च्या आत जेवून, चूळ भरून मोकळं व्हायचं. शेवटचा घास 6.44 ला घेणं यात बसत नाही. काटेकोर घरांत दोन घडी, म्हणजे 48 मिनिटं, आधीच ताट उचलतात. तुम्ही सातला सुटणार, तर डबा न्या आणि सहाला ऑफिसातच जेवा. मी थेपले नेते.

वेळ तुमच्या गावचीच बघा. गुजराती पंचांगात अहमदाबादची वेळ असू शकते, आणि नागपूरला सूर्य मुंबईपेक्षा जवळजवळ पंचवीस मिनिटं आधी मावळतो. ढग भरून आले म्हणून अंधार झाला किंवा अजून उजेड दिसतोय, यावर जाऊ नका.

संवत्सरीच्या सकाळी उपाश्रयात महाराजसाहेबांकडून पच्चक्खाण घ्या. पाणी नवकारसीनंतर (सूर्योदयानंतर 48 मिनिटं, म्हणजे 7.13) की पोरसीनंतर (दिवसाचा पहिला प्रहर संपल्यावर, साधारण साडेनऊ) सुरू करायचं, ते तिथेच विचारून घ्या. ते पच्चक्खाण पारल्याशिवाय, म्हणजे विधीने पूर्ण केल्याशिवाय, पहिला घोट नाही.

आता पाण्याबद्दल, कारण नवीन माणूस इथेच चुकतो. पाणी तीन उकळ्या येईपर्यंत तापवतात, पण ते दिवसभर चालत नाही. चातुर्मासात त्याचा काळ तीन प्रहरांचा, म्हणजे साधारण सव्वानऊ तासांचा. हिवाळ्यात चार प्रहर, उन्हाळ्यात पाच. काळ उलटला की ते पुन्हा सचित्त, म्हणजे सजीव, धरलं जातं. माझ्या पहिल्या उपवासाला मी पहाटे साडेपाचला पाणी उकळून बाटली भरली आणि साडेचारला ऑफिसात निवांत प्यायले. घरी सासूबाईंनी सहज विचारलं, पाणी केव्हाचं? हिशेब केला तर पावणेतीनलाच काळ संपला होता. रडायला आलं. त्या म्हणाल्या, उपवास मोडला नाही. पच्चक्खाणाच्या सूत्रात ‘अन्नत्थणाभोगेणं, सहसागारेणं’ असे आगार आहेत. विसरून तोंडात गेलं, किंवा पावसाचा थेंब उडून आत गेला, तर ती सूट. लक्षात येताच थांबायचं एवढंच. नंतर मी महाराजसाहेबांकडे आलोचना घेतली, म्हणजे चूक सांगून प्रायश्चित्त घेतलं.

तेव्हापासून मी निघायच्या आधी साडेआठला उकळते. ते पावणेसहापर्यंत जातं. शेवटचा ग्लास साडेपाचला, मग बाटली बंद. तुम्हाला 6.45 पर्यंत पाणी हवं असेल तर ते साडेनऊनंतर उकळलेलं लागेल, म्हणजे ऑफिसात किटली हवी. किंवा दुपारी घरून कुणी आणून द्यायला हवं. सूर्यास्ताच्या आत ‘पाणहार’चं, म्हणजे पाणीही सोडण्याचं, पच्चक्खाण घ्यायचं. उपाश्रयात पोचणं शक्य नसेल तर ते कसं घ्यायचं, सासूबाईंकडून आधीच समजून घ्या. मग दुसऱ्या दिवशी नवकारसीपर्यंत थेंबही नाही. आदल्या दिवशीच्या 6.45 पासून मोजलं तर साडेछत्तीस तास होतात.

मैत्रिणीच्या घरी वेगळं ऐकलंत तर गोंधळू नका. स्थानकवासींत धोवन, म्हणजे तांदूळ किंवा भांडी धुतलेलं, पाणीही चालतं, आणि दिगंबरांत दशलक्षणाचा उपवास बहुतेक निर्जळ असतो. तुम्ही सासरची रीत धरा.

मधुमेहाच्या किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील, गरोदर असाल, तर आधी डॉक्टरांशी बोला. ते नको म्हणाले तर बियासणं करा, म्हणजे दोनदा बसून जेवण. डोकं दुखायला लागतं ते बहुधा दुपारी चारच्या सुमाराला, चहा नसल्यामुळे. आठवडाभर आधी एकेक कप कमी केला तर बराच फरक पडतो.

पारणं 7.13 नंतर. आधी मुगाचं कोमट पाणी, मग सुंठ-गुळाची राब, अर्ध्या तासाने मऊ मूग. माझ्या जावेने पहिल्या वर्षी थेट तळलेल्या पुऱ्या खाल्ल्या आणि दुपारपर्यंत पोट धरून बसली होती.