दारावर कॅमेरा, भाडेकरूंना काय लिहून द्यायचे?

"वकीलसाहेब, राजारामपुरीत आमची तीन मजली इमारत आहे. पाच भाडेकरू आहेत. गाड्या चोरीला जाऊ लागल्या म्हणून खालच्या दारावर कॅमेरा बसवला. आता तळमजल्यावरच्या काकू म्हणतात, 'माझं दार दिसतं, बोलणंही ऐकू येतं, केस करते.' सगळ्यांची लेखी परवानगी लागते का? आणि कळवायचे तर कसे?"

परवानगी लागत नाही. प्रवेशद्वार, जिना आणि पार्किंग तुमच्याच ताब्यात आहे आणि चोरीचे कारण सयुक्तिक आहे. पण काकूंच्या उंबरठ्याच्या आतली जागा भाडे चालू असेपर्यंत त्यांची. तिचा निर्वेध उपभोग त्यांना मिळावा, हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम १०८(c) सांगते. सामायिक घराच्या राहत्या भागात दुसऱ्या रहिवाशाच्या संमतीविना लावलेले कॅमेरे कलकत्ता उच्च न्यायालयाने बंद करायला लावले आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. म्हणजे वाद कॅमेऱ्याचा नाही, तो कुठवर पाहतो याचा आहे.

नुसते बंद दार चित्रात आले म्हणून फौजदारी गुन्हा होत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ई शरीराच्या खासगी भागांच्या चित्रणापुरते आहे. मात्र दार उघडल्यावर खोली दिसत असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ कडे बोट दाखवायला वाव मिळतो. ते बाईमाणसाच्या खासगी कृतीच्या चित्रणाचे कलम आहे आणि पहिल्याच शिक्षेत एक ते तीन वर्षे कैद आहे. तेव्हा पत्र लिहिण्याआधी कॅमेरा सुधारा.

त्यासाठी संध्याकाळी काकूंना दार पूर्ण उघडून आतला दिवा लावायला सांगा आणि त्यांच्यासमोरच चित्र बघा. दुपारी काळोखी दिसणारी खोली दिवा लागला की स्वच्छ दिसते. तपासणी दिवसा केली की हेच सुटते. २.८ मिमीची लेन्स फार रुंद पाहते. फक्त दार आणि गाड्या हव्या असतील तर ४ किंवा ६ मिमीची लेन्स टाका, नाहीतर कॅमेरा फिरवा. तरीही दार येत असेल तर सेटिंगमधल्या Privacy Mask ने तेवढा भाग काळा करा. काळा पट्टा केवळ मोबाइलच्या पडद्यावर असून भागत नाही, म्हणून पट्टा लावल्यानंतरचे रेकॉर्डिंग उघडून तिथेही तो उमटलाय का ते पाहा.

आवाज तर बंदच करा. गाडीचोर ओळखायला चेहरा पुरतो. जिन्यात काकू कोणाशी काय बोलल्या, याचा चोरीशी संबंध नाही, आणि कोर्टात तुमची बाजू इथेच लंगडी पडते. बऱ्याच वायफाय कॅमेऱ्यांत माइक आधीपासून चालू असतो. तो बंद केल्यावर पाच मिनिटांचे रेकॉर्डिंग ऐकून खात्री करा.

मग हे पत्र प्रत्येकाला द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. सही म्हणजे मिळाल्याची खूण, संमती नव्हे, हेही सांगा.

"इमारतीच्या प्रवेशद्वारावर दि. ____ पासून एक कॅमेरा चालू आहे. उद्देश फक्त गाड्यांची व इमारतीची सुरक्षा. त्यात प्रवेशद्वार व पार्किंग दिसते. कोणत्याही घराचा आतला भाग दिसत नाही. आवाज रेकॉर्ड होत नाही. रेकॉर्डिंग १५ दिवसांनी आपोआप पुसले जाते. ते फक्त घरमालक पाहू शकतात. घटना घडल्यास संबंधित भाडेकरूने तारीख-वेळ लिहून दिल्यास तेवढा भाग दाखवला जाईल. तक्रार असल्यास: ____."

पंधरा दिवस लिहिले तर यंत्रातही पंधराच हवेत. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा दोन एमबीपीएसवर दिवसाला २१-२२ जीबी खातो. एक टीबीच्या डिस्कमध्ये ४० दिवसांहून जास्त साठते, त्यामुळे मुदत तुम्ही घातली नाही तर पत्र खोटे ठरते. पासवर्ड बसवणाऱ्या मुलाकडेच राहिलेला असतो, तोही बदला.

वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि नोटिशीची मुख्य कलमे त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. निव्वळ घरगुती वापराला सूट आहे, पण भाड्याच्या इमारतीतला कॅमेरा घरगुती म्हणणे धाडसाचे. वरचे पत्र आजच दिलेले बरे.

आक्षेप घेतला म्हणून काकूंना घर खाली करायला सांगू नका. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १६ मध्ये ते कारण नाही. कोण किती वाजता आले याचे चित्र सोसायटीच्या वा नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकणेही महागात पडते. पुढे चोरी झालीच, तर मुदत संपायच्या आत तो भाग वेगळा काढा. पोलिसांनी मागितल्यास लेखी पत्र घेऊनच द्या आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र, फाइलमध्ये फेरफार नाही हे पटवणाऱ्या हॅश व्हॅल्यूसह, सोबत जोडा. रेकॉर्डिंग साठवणारा डीव्हीआर मात्र तसाच जपून ठेवा.