ड्रिल म्हणजे भोक नव्हे, तास

“बहिणीने लंडनहून गाजराच्या बियांचे पाकीट आणले आहे. मागच्या सूचनांचा फोटो जोडतो. ‘सो थिनली, हाफ अॅन इंच डीप, इन ड्रिल्स ट्वेल्व्ह इंचेस अपार्ट, थिन टू टू इंचेस’ याचे नीट मराठी काय? सोसायटीतल्या एकाने ‘बारा इंचांवर भोके पाडून पातळ पेरा, मग रोपे दोन इंच पातळ करा’ असे करून दिले आहे. पेरणी मार्च ते जुलै, काढणी जून ते ऑक्टोबर असे छापले आहे आणि लवकर पेरल्यास ‘फ्रॉस्ट’पासून जपा असेही. आम्ही पुण्यात राहतो. फ्रॉस्टला मराठीत काय म्हणायचे?”

भोके पाडू नका. ‘ड्रिल’चे ‘भोक’ करणारे भाषांतर मी गेली काही वर्षे इतक्यांदा वाचले आहे की आता राग येतो, कारण त्यात नुसता शब्द चुकत नाही, वाफा वाया जातो. बियांच्या पाकिटावरचे ड्रिल म्हणजे बी पेरायची उथळ, लांब रेघ. भोक पाडायचे यंत्र किंवा शाळेतली कवायत यांच्याशी पाकिटाचा संबंध नाही. आणि या रेघेला मराठीत शब्द नाही असे कोणी सांगितले? मराठवाड्यात, विदर्भात कोणत्याही बांधावर उभे राहा. “चार तास सोयाबीन आणि दोन तास तूर” हे वाक्य ऐकू येईल. ते शेतातले तास. ड्रिल म्हणजे तास.

एका सदरात मी वाचले होते की शेतातला तास हा घड्याळाच्या तासावरूनच आला, कारण एका तासात बैलजोडी जेवढी रेघ ओढते तेवढी ती. हे साफ चूक आहे. घड्याळाचा तास अरबी-फारसीतून आला. तिथे ‘तास’ म्हणजे वाटी, पेला. पाण्यावर तरंगणारी, बुडाला बारीक भोक असलेली वाटी भरून बुडाली की वेळेचा टोल द्यायचा, त्या वाटीचे नाव वेळेला चिकटले. शेतकरी एका रेघेला साठ मिनिटे लावत नाही, आणि वावराची लांबी बदलली म्हणून त्याचा शब्दही बदलत नाही. शेतातला तास माझ्या मते ‘तासणे’ या घरातला आहे. तासणे आले संस्कृत ‘तक्ष्’पासून, ज्यातून सुताराला ‘तक्षक’ म्हणतात. सुतार लाकूड तासतो, फाळ जमीन तासतो, आणि तासल्यावर मागे जी चरी राहते ती तास. ओली जमीन नांगरताना मागून चालून पाहा. फाळाच्या अंगाला मातीची लांब, चकचकीत साल सुटते, अगदी रंध्याखालून ढलपी निघावी तशी. ते एकदा पाहिले की वाटी-बिटी आठवत नाही.

याच रेघेसाठी आपल्याकडे तिफण आहे. तिचे तीन फण एकदम तीन तास पाडतात. वर चाडे, त्याखाली नळ्या, आणि चाड्यावर मूठ धरणाऱ्या बाईच्या बोटांमधून बी सारखे सुटत राहते. इंग्लंडात जेथ्रो टलने पेरणीयंत्र केले ते 1701च्या सुमारास. पुढे 1790च्या दशकात कॅप्टन हॅलकॉट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने गुंटूरकडच्या शेतकऱ्यांची पाभर पाहिली, तेव्हा तिचे वर्णन त्याने मुद्दाम विलायतेच्या शेतकी मंडळाला कळवले. ज्या कामाची अवजारे आपल्याकडे इतकी जुनी, त्या कामाला आपण ‘भोके पाडा’ म्हणावे हे मला सहन होत नाही.

आता भोक आणि तास यांतला फरक वाफ्यात काय करतो ते पाहा. मीटरभर लांब, मीटरभर रुंद वाफा धरू. बारा इंच म्हणजे 30 सेंटीमीटर. बारा-बारा इंचांवर भोके पाडली तर तीन ओळींत तीन-तीन, म्हणजे नऊ गाजरे निघतील. तास ओढले तर तेच तीन तास बसतात, पण प्रत्येक तासात दोन-दोन इंचांवर, म्हणजे 5 सेंटीमीटरवर एक रोप राहते. एका तासात वीस, वाफ्यात साठ. पाकिटात दोन अंतरे आहेत ती यासाठी. बारा इंच दोन तासांमधले, दोन इंच दोन रोपांमधले. आपल्या शेतीच्या पुस्तिकांत हेच ‘30 × 5 सेंमी’ असे छापतात, आधी ओळींतले, मग रोपांतले. भाषांतरात नुसते ‘अंतर’ लिहिले की वाचणारा हमखास एकाच आकड्याला दोन्हीकडे लावतो. ‘दोन ओळींत’ आणि ‘दोन रोपांत’ हे शब्द गाळू नका.

यातले दोन इंच गाजराच्या अंगासाठी आहेत, ते कमी करू नका. बारा इंच मात्र कोळपायला, खुरपायला जागा मिळावी म्हणून आहेत. गच्चीवरच्या वाफ्यात तुम्ही हाताने तण उपटणार, तिथे सहा-सात इंचांवर तास घेतलेत तरी गाजरांची तक्रार नसते.

‘पातळ पेरा’ला हसणारे लोकही मला भेटले आहेत. त्यांचे म्हणणे, पातळ आमटी असते, पेरणी विरळ असते. त्यांनी शेतकऱ्याचे बोलणे ऐकलेले नाही. “पेरा पातळ पडला”, “पीक पातळ आहे” हे चांगले मराठी आहे. चूक दुसऱ्या वाक्यात आहे, ‘रोपे दोन इंच पातळ करा’मध्ये. उगवलेल्या गर्दीतून जास्तीची रोपे काढून टाकायची, ती विरळणी. गाजराचे बी इतके बारीक की कितीही जपून सोडले तरी दाट पडतेच, म्हणून विरळणी टळत नाही. रोपे बोटभर उंच झाली, बारीक कातरलेली पाने दिसू लागली, की आधी पाणी द्या आणि मग उपटा. कोरड्या मातीत उपटलेत तर शेजारचे रोपही हलते, आणि हललेले गाजर पुढे दुभंगते.

खोलीसाठी मोजपट्टी नको. बोटाचे पेर हे मोजमाप हाताशीच आहे. तर्जनीचे पहिले पेर साधारण इंचाचे असते, अर्धा इंच म्हणजे अर्धे पेर, तर्जनीचे नख बुडेल इतके. या पेराचा ‘पेरणे’शी संबंध जोडायचा मोह मलाही झाला होता, पण तो खरा नाही. पेर आले ‘पर्व’पासून, उसाचे पेरही तेच. पेरणे मला ‘प्र’ आणि ‘कॄ’, म्हणजे विखुरणे, याच्याकडचे वाटते. मोजायला मात्र हे पेर उत्तम.

अर्ध्या पेराचा नियम विलायतेतल्या भुसभुशीत, सतत दमट मातीसाठी लिहिला आहे. तुमच्याकडची माती काळी, भारी असेल तर पाण्यानंतर वर खपली धरते आणि गाजराच्या केसाएवढ्या कोंबाला ती फोडता येत नाही. कुठे गच्च उगवले, कुठे मोकळे राहिले, आणि मोकळ्या जागी खपलीची चकती उचलल्यावर खाली पिवळा, वाकडा कोंब दिसला, तर कारण हेच. म्हणून तास अर्ध्या पेराचाच ओढा, पण बी मातीने न झाकता चाळलेल्या कुजक्या खताने झाका. गाजर उगवायला आठ-दहा दिवस, कधी पंधराही घेते. तेवढे दिवस वरचा थर सुकू नये म्हणून ओले बारदान अंथरा आणि पहिला हिरवा ठिपका दिसल्या दिवशी ते काढा. एक दिवस उशीर झाला तर कोंब बारदानात अडकून निघतात.

महिन्यांबद्दल. मार्च ते जुलै हे महिने तसेच ठेवून भाषांतर केलेत तर शब्द बरोबर असूनही सूचना खोटी ठरेल. लंडनमध्ये मार्चची दुपार दहा-बारा अंशांची असते, जुलैचे सरासरी तापमान एकोणीसच्या आसपास. पुण्यात जानेवारीचे सरासरी तापमान वीसच्या आसपास येते. म्हणजे त्यांचा सगळ्यांत उबदार महिना आणि आपला सगळ्यांत थंड महिना जवळजवळ सारखे. पुण्यात मार्चला पेरलेले गाजर छत्तीस-अडतीस अंशांत वाढते आणि फिकट, आखूड, दांडक्यासारखे निघते. पाकिटातून उचलायचे ते महिन्याचे नाव नव्हे, पेरणी ते काढणी लागणारा काळ. मार्चला पेरून जूनला काढायचे, म्हणजे सुमारे शंभर दिवस. पुण्यात ऊन मार्चपासून चढते, तर फेब्रुवारीअखेर गाजर निघायला हवे. तिथून शंभर दिवस मागे मोजा, नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत पेरणी उरकायला हवी. सुरुवात हस्ताचा पाऊस ओसरून चित्रा लागल्यावर, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापासून. त्याआधी मोठा पाऊस आला तर अर्ध्या पेरावरचे बी वाहून एका कोपऱ्यात जमा होते. ‘रब्बी’ हा शब्दही इथे कामाचा आहे. अरबीत ‘रबी’ म्हणजे वसंत. हंगामाला नाव पेरणीवरून नाही, काढणीवरून पडले, आणि मोजायचेही तसेच असते, शेवटाकडून मागे.

एक मर्यादा सांगतो. ही महिन्यांची अदलाबदल गाजर-बीटला चालते, बहिणीने पुढे कांद्याचे बी आणले तर त्याला चालणार नाही. विलायती कांद्याला गड्डा धरायला चौदा-सोळा तासांचा दिवस लागतो आणि पुण्याचा सर्वांत मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या आसपास संपतो. तिथे कोणत्याही महिन्यात पेरा, पातच मिळेल.

फ्रॉस्ट राहिले. ‘धुके’ अजिबात नको, ते वेगळे. ‘दहिवर’ सुचवणारे आहेत, पण आज बोलताना दहिवर म्हणजे दवच समजले जाते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी गवतावर जे पांढरे दिसते त्याला तिथले लोक “दव गोठले” म्हणतात आणि मला तेच पसंत आहे. ‘दव गोठण्याच्या रात्री रोपे झाका’ असे लिहा, आणि पुण्याच्या गच्चीसाठी ती ओळ सरळ वगळा. तिच्या जागी ‘मोठ्या पावसात वाफा झाका’ लिहा.

फोटोत पाकिटाची खालची कड कापली गेली आहे. तिथे कोणत्या सालापर्यंत पेरावे ते छापलेले असते. गाजराचे बी दोन-तीन वर्षांनी मंद होते, तेव्हा ती कड पुन्हा काढून पाठवा.