किटली दुसऱ्यांदा आली तेव्हा

ताई, मी रबाळे एमआयडीसीत एका कंपनीच्या स्टोअरमध्ये आहे. प्रेस मशीनवर एका मुलाची दोन बोटं गेली, आणि हात वाचवणारा गार्ड त्यानेच काढला म्हणून आरोपपत्रही त्यालाच. 'गार्ड काढ, माल अडलाय,' असं सुपरवायझर म्हणाला ते मी ऐकलंय. मॅनेजरने विचारलं तेव्हा मात्र मी 'मला काही माहीत नाही' म्हणाले. आता त्या मुलाने मला साक्षीदार म्हणून मागितलंय. मला नोकरीला लावलं ते याच सुपरवायझरने. काय करू?
– ऐरोली

बाळा, जा आणि सांग. कंपनीच्या अंतर्गत चौकशीत चौकशी अधिकाऱ्याला कोर्टासारखं समन्स काढून साक्षीदार आणवता येत नाही. तू गेली नाहीस तर तू ऐकलेलं कागदावर येणारच नाही.

माझी धाकटी जाऊ वागळे इस्टेटमध्ये पॅकिंगला होती. तांब्याच्या तारेचं एक बंडल गेलं आणि आळ एका लोडरवर आला. तो त्या वेळी तिच्यासमोर कँटीनमध्ये बसला होता. साहेबांनी केबिनमध्ये विचारलं तर ही म्हणाली, "माझं लक्ष नव्हतं." घरी आल्यावर जेवली नाही. पुढे चौकशीत त्याने तिचं नाव दिलं, तेव्हा दोन तारखा तिने आजारी म्हणून टाळल्या. तिसऱ्या तारखेला गेली.

उलटतपासणीत कंपनीच्या माणसाने विचारलंच, "मग आधी का बोलला नाहीत?" ती म्हणाली, "भीती वाटली, साहेब समोर होते." तेही लिहून घेतलं गेलं. तुलाही हा प्रश्न येणार. तू तो येईपर्यंत थांबू नकोस, आधीचं उत्तर का दिलंस ते सुरुवातीलाच सांगून टाक. लपवलंस आणि त्यांनी ते बाहेर काढलं, तर पुढच्या खऱ्या बोलण्यावरही विश्वास बसत नाही.

जबाब वाचायला दिला तेव्हा तिचं बोट एका ओळीवर थांबलं. "चार वाजता पाहिलं" असं लिहिलं होतं. ती म्हणाली होती, "चहाची किटली दुसऱ्यांदा आली तेव्हा." तिने ओळ खोडायला लावली, तिचे शब्द लिहून घेतले, बाजूला सही केली. कँटीनच्या वहीत दुसऱ्या किटलीची वेळ ३.४० होती, आणि बंडल गेलं तेही त्याच सुमाराला. चार तसेच राहिले असते तर तिची साक्ष वाया गेली असती.

म्हणून तूही कानावर पडलेले शब्द जसेच्या तसे सांग. तू कुठे उभी होतीस, प्रेस चालू होता का, त्या आवाजात ऐकू कसं आलं, हे विचारतीलच. गार्ड काढताना पाहिलं नसशील तर "पाहिलं नाही" म्हण. इतरांनी नंतर सांगितलेलं त्यात मिसळू नकोस. प्रत्येक पान वाचल्याशिवाय सही नको.

सुपरवायझर दुखावेल, कदाचित तुझी शिफ्टही बदलेल. म्हणून साक्षीला बोलावल्याचं पत्र जपून ठेव आणि त्या दिवसाची हजेरी लागली का ते पाहा. त्याच्याबद्दल बाकी काही बोलू नकोस, तू ऐकलेलं एकच वाक्य सांगायचं आहे.

– ताई