पहिला बर्फ बघायला कधी आणि कुठे?

"आम्ही नाशिकचे पाच जण, सोबत सात वर्षांची मुलगी आणि ६६ वर्षांची आई. बर्फ कोणीच पाहिलेला नाही. नाताळच्या सुट्टीत मनाली करावं का? कपडे काय घ्यायचे?"

नाताळ टाळा. तेव्हा मनाली गावात बर्फ असेलच असं नाही. मग गाडीवाला सोलंगला किंवा अटल बोगद्यापलीकडे सिस्सूला नेतो आणि सुट्टीच्या गर्दीत अर्धा दिवस रस्त्यावरच जातो. शिवाय जोरात बर्फ पडला की बोगदा पर्यटकांना बंद करतात. म्हणजे बर्फ नाही म्हणून पंचाईत, जास्त झाला तरी पंचाईत.

मुलीची चार दिवस शाळा बुडवायची तयारी असेल तर फेब्रुवारीच्या सुरुवातीला गुलमर्ग करा. उंची साधारण २,६५० मीटर, त्यामुळे तेव्हा मुक्कामाच्या दारातच बर्फ असण्याची शक्यता खूप जास्त. श्रीनगरहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्यापेक्षा एक रात्र वर राहा. ताजा बर्फ पडलेला असेल तर टंगमर्गला गाडी बदलून चाकांना साखळ्या लावलेली गाडी घ्यावी लागते, त्यातच वेळ जातो. हॉटेल ठरवताना खोली गरम कशी करतात हे आधी विचारा.

गोंडोला म्हणजे डोंगरावर नेणारी तिथली केबल कार, तिची तिकिटं ऑनलाइन आधीच काढा. आईंना पहिल्या टप्प्यापर्यंतच न्या. दुसरा टप्पा जवळपास ३,९५० मीटरवर जातो, तिथे धाप लागते, आणि वारा सुटला की तो बंदही ठेवतात. स्कीइंगकडून फार अपेक्षा नको, पहिला तास पडण्या-उठण्यातच जातो. मुलीला खरी मजा स्लेजची आणि बर्फात लोळण्याची. स्लेजवाल्याशी पैसे आणि कुठपर्यंत नेणार, दोन्ही बसण्याआधी ठरवा.

आता कपडे. निफाडचा पारा पाचावर आला की आपण कुडकुडतो, तिथे रात्री तो शून्याच्याही बराच खाली जातो. पण त्रास थंडीपेक्षा ओलीचा जास्त. आमच्या पहिल्या वेळी मी जीन्स घालून गेलो. बर्फात बसलो, अंगाच्या उबेने बर्फ वितळला, जीन्सने पाणी धरलं आणि तासाभरात मांड्या बधिर. बायकोने मात्र थर्मल आणि ट्रॅकपँटवर आपली त्र्यंबकच्या पावसातली रेनपँट चढवली होती, ती शेवटपर्यंत कोरडी. वरच्या अंगालाही तसंच: थर्मल, लोकरी स्वेटर, त्यावर पाणी न शिरणारं जॅकेट. आत सुती बनियन नको, घाम धरून ठेवतो.

जाडजूड कोट आणि गमबूट तिथे भाड्याने मिळतात, विकत घेऊ नका. पण गमबुटाच्या रबराला ऊब नसते, आणि आमच्या मुलाला मिळालेला बूट तर फाटकाच निघाला! घालण्याआधी आत हात घालून बघा. लोकरी मोज्यांचे प्रत्येकी तीन जोड न्या, एक कोरडा जोड कायम पिशवीत. शरणपूर रोडच्या तिबेटी मार्केटमध्ये मोजे-टोप्या मिळतील, हातमोजे मात्र वॉटरप्रूफच घ्या. लोकरी हातमोजे पहिल्याच बर्फाच्या गोळ्याला भिजतात. गॉगल पाचही जणांना हवा, उन्हात बर्फाकडे नुसत्या डोळ्यांनी बघवत नाही.