कपातला चहा कमी-जास्त का होतो?

प्रश्न: स्क्रिप्ट सुपरवायझर कंटिन्युइटीच्या चुका, म्हणजे एका शॉटमधली वस्तू किंवा हालचाल पुढच्या शॉटशी न जुळणं, कशा टाळतो? आणि तरीही त्या सिनेमात का दिसतात?

जेवणाचा किंवा चहाचा सीन घ्या, सगळ्यात त्रासदायक प्रकार तोच. आधी वाइड शॉट होतो. तेव्हाच सुपरवायझर संहितेच्या समासात लिहून ठेवतो: ‘पण मी येणार नाही’ या वाक्यातल्या ‘पण’वर उजव्या हाताने कप उचलला, वाक्य संपल्यावर ठेवला, चहा अर्धा. टेक संपला की कप, बाह्या, केस यांचे फोटो. दोन तासांनी, लाइट बदलून क्लोजअप लागतो तेव्हा तो नटाला आठवण करून देतो, ‘कप ‘पण’वर.’ चहाही पुन्हा अर्ध्यावर आणला जातो. संहितेवर प्रत्येक शॉटची उभी रेघ असते. कोणतं वाक्य कोणत्या शॉटमध्ये आहे, हे संकलकाला त्यावरून कळतं.

मग चूक राहते कुठे? बहुतेकदा एडिटिंग टेबलवर, आणि जाणूनबुजून. वाइडचा दुसरा टेक आणि क्लोजअपचा सातवा टेक जोडायचा असतो. सातव्यात नटी अप्रतिम रडली आहे, पण कप डाव्या हातात आहे. संकलक रडणं निवडतो. (मीही तेच निवडलं असतं.) ‘प्रिटी वुमन’मध्ये (१९९०) नाश्त्याच्या सीनमध्ये हातातल्या क्रोसाँचा पॅनकेक होतो, पण बहुतेकांचं लक्ष चेहऱ्यावरच असतं.

दुसरं कारण म्हणजे वाक्यांची काटछाट. मधली चार वाक्यं उडाली की भरलेला कप एका कटमध्ये रिकामा होतो. सेटवरच्या नोंदी बरोबर असूनही.